उंच पेल्यातलं दूध

काकू, आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात एकत्र कुटुंबात राहतो. माझा धाकटा साडेपाच वर्षांचा आहे. बहिणीचं दूध उंच पेल्यात असलं की ‘तिला जास्त दिलं’ म्हणून रडतो. त्याच्यासमोर मापून ओतलं तरी पटत नाही. सासूबाई त्याला हट्टी म्हणतात, मला मात्र त्याच्या समजेचीच काळजी वाटू लागली आहे. मधली नऊ वर्षांची, हिशेबाला चोख, पण शाब्दिक गणित आलं की गोंधळते. मोठा चौदाचा. नववीत बीजगणितात मार्क घसरले आणि घरात आजोबांशी सारखा वाद घालतो. तिघांनाही बुद्धिविकासाच्या क्लासला घालावं असं यांचं म्हणणं आहे. घालू का?
— एक आई

नमस्कार.

आत्ता क्लास लावू नका. त्याआधी एखाद्या दुपारी धाकट्याला स्वयंपाकघरात घेऊन बसा आणि तो नेमका कुठे अडतो ते स्वतः बघा. तो तुमचं ऐकत नाही असं नाही. त्याला जे दिसतं, तेच तो सांगतो आहे.

दोन अगदी सारखे काचेचे पेले घ्या. दुधावरून आधीच रडारड झालेली आहे, तेव्हा दूध नको. पाण्यात थोडं कोकमाचं आगळ घाला, म्हणजे रंग लांबूनही दिसेल. दोन्ही पेल्यांत ओता आणि ‘सारखं झालं का?’ हे त्यालाच ठरवू द्या. तो म्हणेल यात थोडं कमी आहे, मग चमचाभर घाला. पुन्हा म्हणेल आता त्यात कमी. त्याचं समाधान होईपर्यंत थांबा. घाईत ही पायरी बहुतेकांच्या हातून सुटते. मुळात दोन्ही सारखे होते हे त्यानं कबूलच केलेलं नसेल, तर पुढच्या उत्तराला काही अर्थ राहत नाही.

मग एक उंच, अरुंद भांडं घ्या. सरबताची जुनी काचेची बाटलीसुद्धा चालेल. दोनांपैकी एक पेला त्यालाच त्यात ओतू द्या. आता एकदाच विचारा, ‘या दोन्हीत सारखं आहे, का एकात जास्त आहे?’ नुसतं ‘कुठल्यात जास्त?’ असं विचारू नका, त्या प्रश्नातच जास्त असल्याचं आपण सांगून टाकतो. तो जे म्हणेल त्यावर मान डोलावू नका, भुवया उंचावू नका. दुसरा प्रश्न एवढाच, ‘कशावरून रे?’

खरी माहिती मिळते ती या दुसऱ्या प्रश्नाला. साडेपाचाचा मुलगा बहुधा बाटलीकडे बोट दाखवून म्हणेल, ‘यात जास्त आहे, बघ ना, केवढं वर आलंय!’ पाणी वर चढलं आणि भांडं अरुंदही आहे, हे त्याच्या डोळ्यांना दिसतं. पण उंची आणि रुंदी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरून एकीची भरपाई दुसरीनं होते हे ताडणं त्याला अजून जमत नाही. त्याचं लक्ष एका बाजूला खिळतं, आणि ती बाजू बहुधा उंचीची असते. शिवाय ओतण्याची क्रिया मनातल्या मनात उलटी चालवून ‘हे परत पेल्यात ओतलं तर पूर्वीसारखंच होईल’ असं म्हणणंही अजून त्याच्या हाती आलेलं नाही. तुम्ही त्याच्यासमोर मापून ओतता तेव्हा मापण्याचा क्षण आणि नंतरचा उंच पेला ही त्याच्यासाठी दोन निरनिराळी चित्रं असतात. त्यांना जोडणारी वाट अजून तयार झालेली नाही, आणि अशा वेळी मूल डोळ्यांसमोरच्या चित्रावर विश्वास ठेवतं.

हा प्रयोग स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे यांचा. त्यांचा जन्म १८९६ चा. १९२० च्या सुमारास ते पॅरिसमध्ये शाळकरी मुलांच्या बुद्धिचाचण्यांवर काम करत होते. बरोबर उत्तरं मोजायची हे काम. पण त्यांचं लक्ष चुकीच्या उत्तरांकडे गेलं, कारण एका वयाची मुलं एकाच तऱ्हेनं चुकत होती. मूल म्हणजे कमी माहिती असलेला मोठा माणूस नव्हे, त्याची विचार करण्याची पद्धतच निराळी असते, ही गोष्ट त्यांनी पुढे आयुष्यभर तपासली. डी.एड., बी.एड. केलेल्यांना त्यांच्या चार अवस्था पाठ असतात. जन्मापासून साधारण दोन वर्षांपर्यंत मूल इंद्रियांनी आणि हातापायांनी विचार करतं. दोन ते सातपर्यंत शब्द आणि चित्रं मनात येतात, पण तर्काच्या क्रिया यायच्या असतात. सात ते अकरापर्यंत समोरच्या वस्तूंबाबत तर्क पक्का होतो. अकरा-बाराच्या पुढे हळूहळू समोर नसलेल्या, नुसत्या शक्य असलेल्या गोष्टींवरही तर्क चालू लागतो. तुमच्या घरात यांतल्या शेवटच्या तीन अवस्था एका ताटाभोवती जेवायला बसतात, म्हणूनच तुमचं पत्र मी मुद्दाम निवडलं.

तुमचा मुलगा साडेपाचाचा आहे. ‘ओतलं तरी तेवढंच’ ही समज द्रवाच्या बाबतीत साधारण सात-आठच्या सुमाराला पक्की होते. म्हणजे तो मागे पडलेला नाही, आपल्या वयाच्या जागीच आहे.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण तुम्हीही त्याच वाटेनं जाल अशी भीती वाटते. शिक्षिका म्हणून माझं दुसरंच वर्ष होतं. हा प्रयोग मी वर्गात केला, मुलं चुकली, आणि मला ते सहन झालं नाही. सलग तीन दिवस मी त्यांच्याकडून घोकून घेतलं, ‘भांडं बदललं तरी पाणी तेवढंच.’ चौथ्या दिवशी सगळा वर्ग एका सुरात ‘सारखं!’ म्हणाला. मला फार आनंद झाला. मग सहज म्हणून मी दोन पेले ठेवले, एकात खरोखरच जास्त पाणी ओतलं, आणि विचारलं. सगळ्या वर्गाचं उत्तर आलं, ‘सारखं!’ मी त्यांना समज दिली नव्हती. बाईंना काय ऐकायला आवडतं, एवढंच शिकवलं होतं. त्या दिवसापासून मी हा प्रयोग करताना मध्येच एकदा खरोखर असमान पेले ठेवते. मूल तिथं ‘हे जास्त आहे’ म्हणालं, तरच त्याच्या ‘सारखं’ला वजन येतं. तुम्हीही हे करा.

समज खरोखर आली की मुलं कारण सांगतात, आणि ती कारणं तीनच प्रकारची असतात. कुणी म्हणतं, ‘तेच तर सरबत आहे, तू काही घातलं नाहीस की काढलं नाहीस.’ कुणी म्हणतं, ‘परत ओतून बघ, तेवढंच होईल.’ कुणी म्हणतं, ‘उंच आहे, पण बारीकसुद्धा आहे ना.’ यांतलं कुठलंही एक कारण मूल स्वतःहून, स्वतःच्या शब्दांत देऊ लागलं की पायरी चढलं म्हणायचं. ते होण्याआधी काही आठवडे किंवा महिने मुलं डळमळतात. आधी ‘सारखं’ म्हणतात, मग बाटलीकडे बघून ‘नाही नाही, यात जास्त’ म्हणतात. कधी पेल्याची गोष्ट बरोबर सांगतात आणि परातीत ओतलं की चुकतात. पालकांना हे धरसोडीचं वाटतं. मला विचाराल तर सगळ्या प्रवासात हाच काळ सर्वांत मोलाचा. पियाजेंच्या सहकारी बार्बेल इन्हेल्डर यांनी पुढे मुलांना ही समज शिकवता येते का हे तपासलं. ज्यांचं आधीच डळमळायला लागलं होतं त्यांना सरावाचा फायदा झाला. जी मुलं अजून ठामपणे ‘उंच म्हणजे जास्त’वर होती, त्यांच्यात फारसा फरक पडला नाही. तेव्हा धाकटा आज ठाम आहे की डळमळतो आहे, हे आधी बघा. शिकवायचं की थांबायचं ते त्यावरून ठरवा.

अमेरिकेत जेरोम ब्रूनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रयोगात एक साधा बदल केला होता, तो घरी सहज करता येतो. ओतताना भांड्यांपुढे पुठ्ठा धरायचा. फक्त वरची तोंडं दिसतील, पाण्याची पातळी दिसणार नाही. आता विचारायचं. समोर उंचीचा मोह नसला की बरीच मुलं ‘सारखं’ म्हणतात, ‘तूच तर तेच ओतलंस’ असं कारणही देतात. मग पुठ्ठा काढायचा. चारच्या आसपासची मुलं पातळी दिसताच फिरली. पाच-सहाच्या मुलांपैकी बरीचशी मात्र पुठ्ठा काढल्यावरही आपल्या उत्तरावर टिकली. तुमचा मुलगा या वयात आहे. पुठ्ठ्यामागे बरोबर आणि पुठ्ठा काढल्यावर चूक असं झालं, तर तो उंबरठ्यावर उभा आहे असं समजा.

पियाजेंच्या प्रयोगावर एक रास्त आक्षेपही आहे. एकच प्रश्न ओतण्याआधी विचारायचा, मग मोठ्या माणसानं मुद्दाम काहीतरी करायचं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. मुलाला वाटतं, माझं पहिलं उत्तर चुकलं असणार, नाहीतर परत कशाला विचारतील? १९७४ मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी हे तपासलं. नाण्यांसारख्या वस्तूंच्या दोन सारख्या ओळी मांडल्या, पण एक ओळ माणसानं विस्कटण्याऐवजी एका खोडकर खेळण्यातल्या अस्वलानं विस्कटली. चार ते सहा वर्षांची कितीतरी जास्त मुलं अशा वेळी ‘सारखीच आहेत’ म्हणाली, कारण विस्कटण्यामागे मोठ्यांचा हेतू उरला नाही. तेव्हा घरी करताना दोन ओळींत पाच-पाच रुपयांची सहा-सहा नाणी मांडा आणि मधलीला सांगून ठेवा की येता-जाता तिची ओढणी लागून एक ओळ पसरू दे. मग अगदी सहज विचारा. धाकटा इथे बरोबर ठरला आणि सरबताला चुकला, तर बुचकळ्यात पडू नका. संख्येची समज द्रवाच्या समजेच्या थोडी आधी येते.

मग रोज करायचं काय? मेक्सिकोत १९६९ मध्ये कुंभारांच्या मुलांचा अभ्यास झाला होता. मातीचा गोळा चपटा केला तरी माती तेवढीच, हे त्या मुलांना इतर मुलांपेक्षा लवकर समजत होतं. त्यांचे हात रोज मातीत असायचे. तुमच्या मुलाच्या हाती त्याच्या वयाचं काम द्या. डाळ मोठ्या डब्यातून छोट्या डब्यांत भरायची, पाणी तांब्यातून वाटीत आणि वाटीतून परत तांब्यात ओतायचं. परत ओतणं हे त्यातलं सर्वांत महत्त्वाचं, कारण हाताला उलटी क्रिया सवयीची झाली की पुढे मनालाही ती करता येते. सांडेल. सांडू द्या. पोळ्या करताना दोन सारखे कणकेचे गोळे त्याच्या हातात द्या, एक लाटा आणि विचारा की आता कणीक जास्त कशात. उत्तर चुकलं तर दुरुस्त करू नका. पोळी मोडून परत गोळा करायला सांगा आणि पुढच्या कामाला लागा.

आणि दुधाचं रोजचं भांडण? त्याला आज समजावून ते मिटणार नाही. दोन्ही मुलांना एकसारखे पेले द्या. सासूबाईंना हे हट्ट पुरवल्यासारखं वाटेल. त्यांना सांगा की त्याच्या डोळ्यांना खरोखरच जास्त दिसतं, आणि ज्याला खरोखर जास्त दिसतं त्याला ‘सारखंच आहे’ म्हणत राहिलं, तर मोठी माणसं खोटं बोलतात एवढंच तो शिकेल. सासूबाईंनाच एकदा पुठ्ठ्याच्या प्रयोगाला बसवा. नातवाचं उत्तर पुठ्ठा काढताच कसं फिरतं हे स्वतः पाहिल्यावर त्यांचा ‘हट्टी’ हा शब्द गळून पडेल असं मला वाटतं, अनेक आज्यांच्या बाबतीत मी ते पाहिलं आहे.

मधलीचं थोडक्यात सांगते. नऊ वर्षांच्या मुलीचा तर्क पक्का असतो, पण तो वस्तूंना धरून चालतो. तिला विचारा, ‘लोणच्याची बरणी मुरंब्याच्या बरणीपेक्षा मोठी आहे आणि मिठाच्या बरणीपेक्षा लहान आहे, तर सगळ्यांत लहान कुठली?’ नुसतं तोंडी विचारलंत तर या वयाची पुष्कळ मुलं घोटाळतात. त्याच तीन बरण्या ओट्यावर दोन-दोन करून दाखवल्यात, तर ती क्षणात मुरंब्याची उचलेल. प्रश्न तोच, तर्क तोच, फक्त एकदा बरण्या समोर आहेत आणि एकदा केवळ शब्द. शाब्दिक गणितात तिचं हेच होतं आहे. म्हणून पायरी गाळू नका. गणित वाचलं की आधी वस्तू मांडायच्या, शेंगदाणे किंवा चिंचोके चालतील. मग त्यांचं चित्र काढायचं, रेघांचं साधं. आकडे त्यानंतर. काही आठवड्यांत ती वस्तू सोडून थेट चित्रावर येईल. ती आपणहून येईल तेव्हाच येऊ द्या.

तिची आणखी एक गंमत बघा. मातीचे दोन सारखे गोळे करा, एक चपटा करा. माती तेवढीच आहे हे ती सांगेल. वजन तेवढंच आहे हेही बहुधा सांगेल, ते नऊ-दहाच्या सुमाराला येतं. पण दोन पेल्यांत सारखं पाणी घेऊन विचारा, ‘गोळा आणि चपटी माती पूर्ण बुडवली तर पाणी कुठं जास्त चढेल?’ तर ती चुकण्याचा संभव आहे. किती जागा व्यापली हे कळायला अकरा-बारा वर्षं लागतात. तोच मुद्दा, तीच मुलगी, पण माती, वजन आणि जागा यांची समज साधारण दोन-दोन वर्षांच्या अंतरानं येते. अवस्था म्हणजे दिव्याचं बटण नव्हे, की दाबलं आणि सगळं घर उजळलं. पियाजेंना स्वतःलाही हे दिसलं होतं, आणि त्यांच्या सिद्धांताला त्याचं समाधानकारक कारण देणं जड गेलं. पुढच्या अभ्यासकांनी यावरून त्यांच्या कडक सीमारेषा बऱ्याच सैल केल्या. अवस्थांचा क्रम बराचसा टिकून आहे, वयं मात्र सरासरीची समजायची.

आता मोठा. त्याच्यासाठी एक दोरा, दोन कुलपं आणि मोबाइलमधलं घड्याळ घ्या. एक कुलूप लहान, एक जड. दाराच्या चौकटीला दोरा बांधा, खाली कुलूप लटकवा आणि त्याला सांगा, ‘हे झोके लवकर किंवा सावकाश कशामुळे घेतं ते शोधून काढ.’ बाकी काहीही सांगू नका. तो काय करतो ते फक्त बघा.

पियाजे आणि इन्हेल्डर यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात हाच प्रयोग होता. शक्यता चार आहेत. दोऱ्याची लांबी, कुलपाचं वजन, किती उंचावरून सोडलं, किती जोरानं ढकललं. नऊ-दहाचं मूल लगेच हात घालतं. लांब दोऱ्याला जड कुलूप, मग आखूड दोऱ्याला हलकं, आणि जाहीर करतं, ‘जड असलं की सावकाश!’ दोन गोष्टी एकदम बदलल्या हे त्याच्या ध्यानात येत नाही. ज्याचा विचार पुढच्या पायरीवर गेला आहे तो मुलगा आधी थांबतो, ‘हे असू शकेल, ते असू शकेल’ असं मनात मांडतो, आणि मग लांबी तीच ठेवून फक्त कुलूप बदलतो. एक गोष्ट हलवायची, बाकीच्या तीन धरून ठेवायच्या. समोर जे आहे त्याच्याआधी जे असू शकेल ते मांडणं, हे किशोरवयाच्या विचाराचं खरं लक्षण.

उत्तर त्याचं त्याला पडताळता येईल. गाठीपासून कुलपाच्या मध्यापर्यंत २५ सेंटिमीटर अंतर असेल, तर दहा पूर्ण झोक्यांना साधारण १० सेकंद लागतात. एक मीटर असेल तर साधारण २०. लांबी चौपट, वेळ दुप्पट. वजनानं फरक पडत नाही. इथे एक फसगत होते. जड कुलूप आकारानंही मोठं असतं, त्यामुळे त्याचा मध्य खाली जातो, म्हणजे लांबीच वाढते आणि झोका किंचित सावकाश होतो. मुलगा म्हणेल, ‘बघ, वजनानं फरक पडला!’ तेव्हा त्याला खोडू नका. ‘दोन्ही वेळा मध्यापर्यंतचं अंतर मोजलंस का?’ एवढंच विचारा. तसंच फार उंचावरून सोडलं तरी वेळ थोडी वाढते, म्हणून झोके लहानच ठेवायला सांगा. एका झोक्याची वेळ धरू नये, दहा मोजून भागावं, नाहीतर बोट उशिरा दाबलं गेलं तरी तोच शोध वाटतो.

बीजगणितात तो अडतो त्याचं मूळ बहुधा याच पायरीत असेल. सातवीपर्यंत अक्षर म्हणजे रिकामी चौकट, जिच्यात एक आकडा दडलेला आहे. नववीत तेच अक्षर ‘कोणतीही संख्या’ होतं, म्हणजे एकाच वेळी अनेक शक्यता धरणारं. त्याला हे वाक्य समीकरणात लिहायला सांगा, ‘एका शाळेत शिक्षकांच्या सहापट विद्यार्थी आहेत.’ विद्यार्थ्यांची संख्या वि, शिक्षकांची शि. तो ‘६वि = शि’ असं लिहील असा माझा अंदाज. वाक्यातला क्रम जसाच्या तसा उतरवला आणि ‘वि’ म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या न राहता ‘विद्यार्थी’ झाला. लगेच चूक म्हणू नका. म्हणा, ‘शिक्षक १० आहेत असं धर. विद्यार्थी किती?’ तो ६० म्हणेल. ‘आता तुझ्या समीकरणात घाल.’ सहा गुणिले साठ म्हणजे दहा, हे पाहिल्यावर तो स्वतः पेन उचलेल आणि वि = ६शि लिहील. हाच प्रश्न अमेरिकेत अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना घातला गेला होता. १९८१ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात एकतृतीयांशाहून जास्त विद्यार्थी चुकले होते. तेव्हा चौदाचा मुलगा इथे अडला तर त्यात काळजीचं काही नाही. पियाजे यांनीही पुढे, १९७२ मध्ये, मान्य केलं की ही वरची पायरी सगळ्यांना एकाच वयात आणि सगळ्या विषयांत मिळत नाही. पंधरा ते वीस वर्षांपर्यंत आणि आपापल्या आवडीच्या क्षेत्रात ती येते असं त्यांनी लिहिलं. त्याला क्रिकेटमध्ये रस असेल तर बघा, ‘आता सहा षटकांत पन्नास हव्यात, हा बाद झाला तर काय, राहिला तर काय’ हे तो तुमच्यापेक्षा बारकाईनं मांडेल. गणितातली उदाहरणं काही दिवस तिथून घ्या.

सारखा वाद घालणं हीसुद्धा हीच नवी ताकद आहे. दहा वर्षांच्या मुलाला पितृपक्षात कावळ्याला घास ठेवतात हे तसंच दिसतं, घरात ठेवतात म्हणून. चौदाच्याला पहिल्यांदाच दिसतं की हे असं नसूही शकलं असतं, आणि मग तो आजोबांना विचारतो, ‘कावळाच का?’ आजोबांना ते उद्धटपणाचं वाटतं. त्याच्या दृष्टीनं मात्र तो प्रत्येक गोष्टीच्या चारही बाजू पहिल्यांदा हलवून बघतो आहे. त्याचा आवाज चढला तर जरूर टोका, मोठ्यांशी कसं बोलायचं ते सांगा. प्रश्न मात्र दाबू नका. त्याला विचारा, ‘तुझं म्हणणं चुकीचं आहे असं तुला कशानं पटेल?’ या एका प्रश्नावर तो गप्प बसेल, कारण स्वतःच्या मताला उलट बाजूनं तपासणं त्याला अजून नवीन आहे. आजोबांनीही उत्तर द्यावं, ‘आमच्या वडिलांनी असं सांगितलं होतं’ एवढं खरं उत्तरसुद्धा पुरतं.

आता क्लासचं. बोटांवर किंवा मण्यांवर झटपट आकडेमोड शिकवणारे क्लास आकडेमोड शिकवतात. वेग येतो, तो हवा असेल तर घाला. पण धाकट्याला उंची आणि रुंदी एकदम मनात धरता येणं, मधलीनं वस्तूवरून चित्रावर येणं आणि मोठ्यानं एक गोष्ट हलवून बाकीच्या धरून ठेवणं, हे त्यातून होत नाही. तिघांना एकाच वर्गात बसवून होणारं तर हे कामच नाही, कारण तिघांची अडचण तीन निरनिराळ्या जागी आहे.

डॉक्टरांकडे कधी जायचं तेही सांगून ठेवते. उंच पेल्याच्या चुकीवरून नव्हे. पण धाकटा आधी बोलायचा ते शब्द आता बोलेनासा झाला, ‘चप्पल घाल आणि पाण्याची बाटली आण’ अशा दोन कामांच्या सूचनेतलं एकच काम त्याच्याकडून नेहमी होतं, हाक मारली तर ऐकू येत नाही असं वाटतं, किंवा जे येत होतं ते एकेक करून विसरतो आहे, असं काही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कान आणि डोळे आधी तपासून घ्या. आठ वर्षांचा झाल्यावरही नाण्यांच्या ओळीतसुद्धा, खोडकर हाताच्या खेळातसुद्धा तो ठामपणे चुकत असेल, तर शाळेच्या समुपदेशकांशी बोलायला हरकत नाही.

एक वही घाला. आजची तारीख, सरबताला त्यानं काय उत्तर दिलं, आणि ‘कशावरून?’ला त्याचे शब्द जसेच्या तसे, तुमची भाषा न मिसळता लिहा. मध्ये शिकवू नका, फक्त ओतायची कामं देत राहा. गणपती झाले की दसऱ्याच्या आसपास पुन्हा तेच पेले काढा. दोन्ही वेळची उत्तरं मला लिहून पाठवा. तो पुठ्ठ्यामागे आणि पुठ्ठ्याशिवाय काय म्हणाला, हे वेगवेगळं लिहायला विसरू नका.